इंट्राडे, स्विंग की पोझिशन? निवड करताना या चुका टाळा

सकाळी सौदा इंट्राडे म्हणून घेतला, दुपारी तीनला त्याची डिलिव्हरी झाली आणि आठवड्यानं तो ‘लाँग टर्म’ झाला. नवख्या माणसाचं खातं बहुतेक वेळा याच वाटेनं रिकामं होतं. शेअर चुकीचा निवडला म्हणून कमी, आपल्या दिवसाला न बसणारा प्रकार निवडला म्हणून जास्त.

शेअर-ट्रेडिंगचे मुख्य प्रकार तीन. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं म्हणजे इंट्राडे. दोन-तीन दिवस ते काही आठवडे धरणं म्हणजे स्विंग. महिनोन्‌महिने, कधी वर्षभर धरणं म्हणजे पोझिशन. यातलं काय घ्यायचं हे लोक हातातल्या पैशावरून ठरवतात: पैसे थोडे म्हणून इंट्राडे, जास्त असतील तर पोझिशन. पहिली चूक इथंच होते.

पाचपट मिळतं म्हणून इंट्राडे

बेळगावात उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये पहिल्या पाळीला असलेल्या कामगाराचं उदाहरण घेऊ. खात्यात ६०,००० रुपये. बाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे बाजाराची जवळजवळ पूर्ण वेळ पाळीतच जाते. फोन लॉकरमध्ये, हातात येतो तो चहाला आणि जेवणाला. ब्रोकर MIS मध्ये, म्हणजे इंट्राडेच्या ऑर्डरमध्ये, खात्यातल्या पैशाच्या पाचपटीपर्यंत खरेदी करू देतो, म्हणून तो ५०० रुपयांचे ३०० शेअर घेतो. सौदा दीड लाखाचा, त्यासाठी अडकलेली स्वतःची रक्कम, म्हणजे मार्जिन, ३०,०००. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, ४९५ ला, पण तो मनात; ऑर्डर टाकलेली नाही.

दुपारी फोन उघडतो तेव्हा भाव ४९० असतो. ठरवलेला तोटा १,५०० होता, तो ३,००० झालेला. ‘उद्या वर येईल’ म्हणून MIS चं CNC, म्हणजे डिलिव्हरीचा सौदा, करायला जावं, तर तिथं पाचपट चालत नाही. शेअरची पूर्ण किंमत लागते. ६०,००० मध्ये ३०० शेअर बसत नाहीत, म्हणून तो १०० ठेवतो. उरलेले २०० शेअर ४९० ला विकावे लागतात, २,००० गेले. दुसऱ्या दिवशी शेअर ४७८ ला उघडतो आणि उरलेल्या १०० वर २२ रुपयांप्रमाणे २,२०० चा खड्डा पडतो. एका सौद्यात ४,२०० म्हणजे भांडवलाच्या ७ टक्के गेले, आणि बाकीचा पैसा धरून ठेवायला न निवडलेल्या शेअरमध्ये अडकला तो वेगळाच.

इथं स्टॉपलॉसची शिस्त नव्हती हे खरं. पण जो माणूस दोन-दोन तास स्क्रीनपासून लांब आहे, त्यानं पाच रुपयांचा स्टॉप असलेला सौदा घेणंच मुळात चुकीचं. आणि घेतलाच, तर खरेदी होताक्षणी SL-M, म्हणजे स्टॉपचा भाव आला की बाजारभावाला विकणारी ऑर्डर, टाकून ठेवायची. ती एक्स्चेंजकडे नोंदलेली असते, त्यामुळं खानापूरकडं रेंज गेली किंवा घरात लाईट गेली तरी ती आपलं काम करते. मनातला स्टॉप रेंजबरोबर जातो.

दुसरी गोष्ट खर्चाची. वरचा दीड लाखाचा सौदा भाव जिथल्या तिथं राहून बंद झाला तरी दोन्ही बाजूंची २०-२० रुपये दलाली, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी हा व्यवहारकर म्हणजे ३८ च्या आसपास, एक्स्चेंजचे सुमारे ९, स्टॅम्प ड्युटी साडेचार आणि दलालीवरचा १८ टक्के जीएसटी धरून साधारण १०० रुपये जातात. रोज दोन सौदे, महिन्यात २० दिवस, म्हणजे ४,०००. ६०,००० वर महिन्याला साडेसहा टक्क्यांहून जास्त कमावले की मग कुठं शून्यावर येणार. सेबीनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२-२३ साली कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जण तोट्यात निघाले होते. हा हिशेब पाहिला की त्यात नवल वाटत नाही.

मग कामगारानं इंट्राडे करूच नये का? दुसऱ्या पाळीचा माणूस करू शकतो. त्याची सकाळ मोकळी असते आणि ९:१५ ते ११ ही इंट्राडेची सगळ्यात हालचालीची वेळ. अट एकच, डबा घेऊन घराबाहेर पडण्याआधी सौदा बंद झालेला हवा. ‘ऑटो स्क्वेअर ऑफ होईलच की’ यावर सोडू नये. ते, म्हणजे ब्रोकरनं आपणहून सौदा बंद करणं, बहुतेक ब्रोकरांकडं सव्वातीननंतर होतं, त्याचे वेगळे पैसे लागतात आणि त्या घाईत भाव मिळेल तो. रात्रपाळी करून आलेल्यानं मात्र सकाळी चार्ट उघडूच नये. झोपेची भरपाई कुठलाच इंडिकेटर करत नाही.

स्विंग निवडलं, पण हात इंट्राडेचाच राहिला

पहिल्या पाळीच्या माणसाला स्विंग सगळ्यात सोयीचं. साडेतीनला चार्टवर दिवसाची कँडल, म्हणजे त्या दिवसाच्या भावाची पट्टी, पूर्ण होते, संध्याकाळी अर्धा तास बसून चार्ट पाहायचे, उद्याची ऑर्डर रात्रीच AMO, म्हणजे बाजार बंद असताना द्यायची ऑर्डर, म्हणून टाकून ठेवायची. बाजार उघडताना तो मशीनपाशी असला तरी चालतं.

चूक होते ती संख्येत. इंट्राडेची सवय असलेला माणूस स्विंगमध्येही ‘पैसे आहेत तेवढे शेअर’ घेतो. संख्या स्टॉपवरून काढायची असते. ६०,००० च्या खात्यात एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ६०० रुपये घालवायची तयारी आहे असं धरू. खरेदी ५००, स्टॉप ४७५, अंतर २५ रुपये. ६०० भागिले २५ म्हणजे २४ शेअर, १२,००० चा सौदा. हा आकडा पाहून ‘एवढंच?’ असं वाटतं. पण रात्री काही बातमी येऊन शेअर ४५५ ला उघडला, तर तोटा २४ गुणिले ४५ म्हणजे १,०८० होतो, ठरवल्याच्या १.८ पट. सगळे ६०,००० घालून १२० शेअर घेतले असते तर हाच खड्डा ५,४०० चा पडला असता. स्विंगमध्ये रात्र आपल्या हातात नसते, म्हणून संख्या लहान ठेवावी लागते. तिमाही निकालाची तारीख जवळ आली असेल तर निकालाआधी बाहेर पडणं बरं. ती तारीख एनएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर दिसते.

दुसरी चूक GTT ची. स्टॉपसाठी GTT, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावून लोक निर्धास्त होतात, पण ती तीन ठिकाणी फसते.

ट्रिगर, म्हणजे ऑर्डर सुटायचा भाव, ४७५ आणि लिमिट, म्हणजे विकायचा किमान भाव, तीही ४७५ ठेवली आणि शेअर ४६० ला उघडला, तर ऑर्डर जाते पण ४७५ ला घेणारा कुणी नसतो. ऑर्डर दिवसभर पडून राहते आणि शेअर खाली जात राहतो. म्हणून विक्रीची लिमिट ट्रिगरपेक्षा बरीच खाली, इथं ४५५-४६० च्या आसपास ठेवायची. ट्रिगरनंतर विक्री समोर असलेल्या चांगल्या भावालाच होते, त्यामुळं लिमिट खाली ठेवली म्हणून आपण स्वस्तात विकतो असं होत नाही.

दुसरं, शेअर विकताना ते खात्यातून काढायची ब्रोकरला परवानगी देणारं डीडीपीआय दिलेलं नसेल तर डिलिव्हरीतले शेअर विकायला डिमॅट खात्याचा टीपिन आणि ओटीपी लागतो. फोन लॉकरमध्ये असताना GTT ट्रिगर झाली की ऑर्डर नाकारली जाते. स्विंग करायचं ठरवलं की आधी ब्रोकरकडं डीडीपीआय भरून द्यायचं, बाकीचं नंतर. GTT एकदा ट्रिगर झाली की संपली. नाकारलेली ऑर्डर आपणहून परत लागत नाही.

तिसरं, बोनस किंवा शेअर विभाजन झालं की GTT बहुतेक ठिकाणी रद्द होते. नव्या भावाप्रमाणं ती पुन्हा लावावी लागते.

पोझिशनसाठी परक्या तारखेचा पैसा

चिकोडी, अथणी, निपाणीकडच्या ऊस किंवा तंबाखू करणाऱ्या घरांत पैसा वर्षातून एकदोनदाच, पण मोठा येतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळावेत असा नियम असला तरी बिल मागंपुढं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन लाखांचं बिल जमा झालं की ते ‘लांबच्या मुदतीला’ शेअरमध्ये घालायचा मोह होतो. पण त्यातले ९०,००० सोसायटीच्या पीककर्जाचे असतात, ४०,००० जूनमधल्या शाळा-कॉलेजच्या फीचे, ३०,००० खत आणि मजुरीचे. पोझिशनचं भांडवल खरं तर ४०,०००.

हे वेगळं काढलं नाही की काय होतं? शेअर फेब्रुवारीत घेतलेला, मेमध्ये १२ टक्के खाली, स्टॉप अजून लागलेला नाही. त्यात फीची तारीख येते आणि शेअर विकावा लागतो. चार्टनं नव्हे, कॅलेंडरनं विकायला लावलं. तोटा झाला तो वेळेच्या गणितात. ज्या पैशाला खर्चाची तारीख लागलेली आहे तो पोझिशनमध्ये घालू नये. तीन महिने मोकळा असेल तर फारतर स्विंगमध्ये, लहान संख्येनं.

४०,००० चे चार शेअर, प्रत्येकी १०,०००, स्टॉप १८ टक्के खाली. सगळे एकदम फसले आणि भाव स्टॉपवर मिळाला तर ७,२०० जातात. हा आकडा घरात आधी सांगून ठेवलेला बरा. पोझिशनचे चार्ट आठवड्याचे, आणि पाहायचे शुक्रवारी संध्याकाळी.

स्वभाव कुठल्या प्रकाराचा ते ओळखायचं कसं

‘मला संयम आहे’ हे मनाचं मत झालं. खरं उत्तर ब्रोकरच्या ट्रेडबुकात, म्हणजे झालेल्या सौद्यांच्या यादीत असतं. शेवटचे ३० सौदे उतरवून घ्या आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: किती दिवस धरायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात किती धरलं, आणि बंद का केला. कारण चारपैकी एक असेल: स्टॉप, टार्गेट, भीती किंवा कंटाळा.

ठरवल्यापेक्षा लवकर, थोड्या फायद्यात बंद केलेले सौदे जास्त असतील, तर पोझिशन तुम्हाला झेपणार नाही. १०-१५ टक्के खालीवर पाहत बसणं जमत नाही. तोट्यातले सौदे ठरवल्यापेक्षा लांबले असतील, तर इंट्राडे बंद करा, कारण चूक त्याच मिनिटाला कबूल करण्यावरच तो प्रकार उभा आहे. आणि कंटाळ्यानं बंद झालेले सौदे दिसले, तर बहुधा आठवड्याच्या चार्टवर घेतलेला शेअर तुम्ही रोज पाच मिनिटांच्या चार्टवर बघताय. ॲपमधला चार्ट दिवसाच्या किंवा आठवड्याच्या कँडलवर ठेवा आणि भावाच्या नोटिफिकेशन बंद करा.

कराचाही फरक कागदावर पाहून घ्या. इंट्राडेचा नफा सट्टा-व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. पगारदारालाही मग साध्या ITR-1 ऐवजी ITR-3 भरावा लागतो. त्यातला तोटा पगारातून वजा होत नाही. फक्त इंट्राडेच्याच नफ्यातून, तोही पुढची चार वर्षं. स्विंगचा नफा भांडवली नफा म्हणून दाखवला तर त्यावर २० टक्के. वर्षाहून जास्त धरलेल्या शेअरवर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के. मार्च संपल्यावर सीएकडं जाताना ट्रेडबुकबरोबर ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफातोट्याचा तक्ता, न्यायचा. इंट्राडे आणि डिलिव्हरी त्यात वेगळं केलेलं असतं.