ग्लुकोमीटरवर शुगर कशी तपासावी: हात धुण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

फेब्रुवारीतली सकाळ, पावणेसात वाजले असतील. कोथरूडला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचा फोन आला. "अगं, यांची उपाशीपोटीची शुगर २६४ आलीय. रात्री नऊला जेवले, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. आज दोन गोळ्या देऊ का?" मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम केलंय, त्यामुळे इमारतीतले असे फोन माझ्याकडे येतात. म्हटलं, काकू, काही देऊ नका, मी खाली येते.

काका छान बसले होते. तहान नाही, रात्री लघवीला उठणं नाही. वहीत मागच्या तीन आठवड्यांचे आकडे ११० ते १३०च्या दरम्यान. आणि टेबलावर द्राक्षांचा घड, अर्धा खुडलेला. नातवाच्या डब्यासाठी काकांनी द्राक्षं देठापासून सोडवली होती, मग पंचाला हात पुसून बोट टोचलं होतं. मी त्यांना साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करवले आणि दुसऱ्या हाताच्या बोटातून पुन्हा तपासलं. १२१.

एवढा फरक कसा पडतो, ते एकदा समजून घ्या, म्हणजे हात धुणं कधी टाळावंसं वाटणार नाही. स्ट्रिपला रक्त लागतं जेमतेम एक मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. काही स्ट्रिपना त्याहूनही कमी. शुगर १०० असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं फक्त एक मायक्रोग्रॅम, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. काकांच्या बोटावरून थेंबात आणखी दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास मिसळलं की १२१चे २६४ होतात. द्राक्षाच्या रसात साधारण सात टक्के ग्लुकोज असतं, म्हणजे एका मायक्रोलिटर रसात ७० मायक्रोग्रॅम. बोटावर राहिलेला रस डोळ्यांना दिसणारच नाही इतका कमी असला, तरी त्या एवढ्याशा रक्तासाठी तो खूप होतो. मध, च्यवनप्राश, केळं, आंबा यांनीही हेच होतं. मशीनची यात चूक नाही. स्ट्रिपवर जे ग्लुकोज आलं, ते त्याने मोजलं.

आधी मांडामांड, मग हात

मशीन, स्ट्रिपची डबी, टोचायचं पेन, कापूस आणि वही एका जागी मांडा. पेनमध्ये नवी सुई बसवून ठेवा. सुई एकदाच वापरायची, कारण दुसऱ्या वेळी तिचं टोक बोथट झालेलं असतं आणि जास्त दुखतं. घरात दोघांना मधुमेह असेल तर पेन दोन हवीत. सुई बदलली तरी पेनच्या तोंडाशी रक्ताचा अंश राहतो आणि त्यातून कावीळ बी किंवा सी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. नवरा-बायको असलात तरी हा नियम मोडू नका.

स्ट्रिपच्या डबीवरची तारीख पाहा. तिथे दोन गोष्टी असतात: एक शेवटची तारीख, आणि दुसरी डबी उघडल्यापासून किती महिने चालेल ते. ही दुसरी मुदत कंपनीनुसार बदलते, म्हणून उघडली त्या दिवशीच डबीवर पेनाने तारीख टाकावी. स्ट्रिप ओल धरते आणि ओली झालेली स्ट्रिप आकडा चुकवते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, ती हवा उघड्या डबीतही शिरते. स्ट्रिप काढली की त्याच क्षणी झाकण लावा. फ्रिजमध्ये, बाथरूममध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नका. आणि सुट्या स्ट्रिप दुसऱ्या डबीत भरून गावाला नेऊ नका, डबी आहे तशीच न्या.

काही जुन्या मशीनमध्ये डबीवरचा कोड मशीनवरच्या कोडशी जुळवावा लागतो. तुमचं मशीन तसं असेल, तर नवी डबी उघडताना हे विसरलं की पुढची प्रत्येक तपासणी चुकू शकते.

आता हात धुवा. साबण आणि कोमट पाणी, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा नीट चोळून. कोमट पाण्याचा दुसरा फायदा थंडीत कळतो: गार बोटांतून रक्तच येत नाही, धुतल्यावर ते मोकळं होतं. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा ही साबणाची जागा घेऊ शकत नाही. स्पिरिटने जंतू मरतात, साखर मात्र बऱ्याचदा बोटावर तशीच राहते.

मग स्वच्छ टॉवेलने हात अगदी कोरडे करा. ओल राहिली तर रक्त पातळ होऊन आकडा कमी येऊ शकतो, शिवाय थेंब गोल न राहता पसरतो. हात कोरडे झाल्यावरच डबीतून स्ट्रिप काढून मशीनमध्ये घाला. मशीन आपोआप चालू होऊन थेंबाचं चिन्ह दाखवेल.

टोचणं आणि थेंब

मधलं बोट किंवा अनामिका घ्या, आणि टोचा बोटाच्या टोकाच्या कडेला. मधल्या गुबगुबीत भागात नसा दाट असतात, तिथे दुखतं आणि नंतर दिवसभर काही धरताना जाणवत राहतं. रोज तपासणाऱ्यांनी बोटं आणि कडा बदलत राहाव्यात. पेनवर खोलीचे आकडे असतात. मधल्या आकड्यापासून सुरुवात करा, रक्त सहज आलं तर एक आकडा कमी करून पाहा. वर्षानुवर्षं शेतात किंवा यंत्रावर काम केलेल्यांची कातडी जाड असते, त्यांना जास्त आकडा लागतो.

टोचण्याआधी हात दहा-पंधरा सेकंद खाली लोंबता ठेवा. टोचल्यावर तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच चोळत आणा. इथे बहुतेक जण चुकतात: रक्त आलं नाही की पेर करकचून पिळतात. पिळल्याने रक्ताबरोबर आजूबाजूच्या पेशींमधलं पाणीही बाहेर येतं आणि आकडा बिघडतो. थेंब येत नसेल तर पिळू नका. हात पुन्हा कोमट पाण्यात धरा, कोरडा करा, आणि पेन एक आकडा वाढवून दुसरीकडे टोचा.

हात नीट धुतले असतील तर पहिलाच थेंब चालतो. प्रवासात, एसटीत, पाणी-साबण मिळालाच नाही, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा घ्यावा. त्यातल्या त्यात तो बरा. पण फळाला किंवा गोडाला हात लागला असेल, तर दुसऱ्या थेंबावरही विसंबू नका.

बाजरीच्या दाण्याएवढा गोल थेंब जमला की स्ट्रिपची कड त्याला फक्त टेकवा. स्ट्रिप रक्त स्वतः ओढून घेते. वरून थेंब टाकू नका, बोट स्ट्रिपवर घासू नका. स्ट्रिपवरची छोटी खिडकी पूर्ण भरली पाहिजे. अर्धीच भरली आणि मग दुसरा थेंब लावला, असं करू नका. बहुतेक मशीन त्यावर Er दाखवतात, आणि आकडा आलाच तर तो भरवशाचा नसतो. ती स्ट्रिप वाया गेली असं समजून नवी घ्या. स्ट्रिप महाग असते, जीव हळहळतो, पण चुकीच्या आकड्यावर घेतलेलं इन्सुलिन त्याहून महाग पडतं.

आकडा वाचताना

साधारण पाच सेकंदांत आकडा येतो. त्याच्याशेजारी mg/dL लिहिलंय ना, ते पाहा. परदेशातून मुलांनी पाठवलेल्या मशीनवर कधीकधी mmol/L असतं. तिथे ७ दिसलं तर घाबरू नका, १८ने गुणा, १२६ होतात.

लागोपाठ दोनदा तपासून १८२ आणि १९६ आले, तर मशीन खराब आहे असं नाही. घरच्या मशीनसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकच असं आहे की १०० किंवा त्याहून जास्त शुगरला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, आणि १००च्या खाली १५ आकडे. खरी शुगर २०० असेल तर १७० ते २३० यांतला कुठलाही आकडा मान्य. लॅबशी ताडून पाहायचंच असेल तर उपाशीपोटी पाहा, आणि दंडातून रक्त घेतात त्याच वेळी बोट टोचा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात ग्लुकोज शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असतं, तेव्हा तुलना जुळणारच नाही. रक्त कमी असलेल्या माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन कमी असल्यास ते डॉक्टरांना सांगून ठेवा.

HI म्हणजे मशीनच्या मापापलीकडे जास्त, बऱ्याच मशीनमध्ये ६००च्या वर. LO म्हणजे मापाखाली. आकडा नेहमीपेक्षा फारच वेगळा असेल तर हात धुऊन, दुसऱ्या बोटातून, नव्या स्ट्रिपवर लगेच पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही HI आलं, तर डॉक्टरांकडे त्याच वेळी जायचं.

कमी आकड्याचं मात्र उलट आहे. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होत असेल आणि आकडा ७०च्या खाली असेल, तर आधी तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. मशीन हाताशी नसेल तरी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं असतं, आणि नेमकी इथेच काकांच्या द्राक्षांसारखी चूक होते, तीही जास्त धोक्याची. पावडर चमच्याने काढताना, पेला धरताना बोटांना लागलेली असते, आणि ती तर निव्वळ ग्लुकोज. मग आकडा १८० दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आत शुगर अजून ६०च असते. म्हणून या दुसऱ्या तपासणीआधी हात धुवा. उठवत नसेल तर घरातल्या कुणीतरी ओल्या फडक्याने त्यांचं बोट दोन-तीनदा नीट पुसून, मग कोरडं करून टोचावं.

वहीत आकड्याबरोबर वेळ आणि जेवणाचा संदर्भ लिहा. 'जेवणानंतर दोन तास' हे पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. काकांच्या वहीत त्या दिवशी मी दोन्ही आकडे लिहून घेतले: २६४, पुढे 'द्राक्षं, हात न धुता', आणि खाली १२१. पहिला खोडला असता तर पुढच्या वेळी डॉक्टरांना काहीच कळलं नसतं.

राहिली वापरलेली सुई. ती तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आपला कचरा पुण्यात 'स्वच्छ'च्या ताई हाताने वेगळा करतात. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली ठेवा, सुई आणि स्ट्रिप दोन्ही तिच्यात टाका, आणि बाटली भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून, वर 'सुया' असं लिहून, ताईंना सांगून वेगळी द्या.