पंपाची बॅटरी मोठी की पॉवर बँक? एमएएचचे वॅट-तास कसे काढावेत

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत फवारणीला जो बॅटरी पंप पाठीवर घेतात, त्याच्या बॅटरीवर बहुतेक वेळा 12 व्होल्ट, 8 एएच असं छापलेलं असतं. म्हणजे 8000 एमएएच. खिशातल्या पॉवर बँकेवर मात्र 20000 एमएएच लिहिलेलं. आकडे पाहून वाटतं, पॉवर बँक अडीच पट मोठी. प्रत्यक्षात पंपाची बॅटरी मोठी आहे.

एमएएच फक्त किती करंट किती वेळ मिळेल ते सांगतो. त्यामागे व्होल्टेज किती, हे कळल्याशिवाय साठलेली ऊर्जा कळत नाही. म्हणून दोन्ही आकडे वॅट-तासांत आणायचे:

```
Wh = mAh × V ÷ 1000
```

आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. एएच लिहिलं असेल तर हजारानं गुणून एमएएच करा, किंवा एएचला थेट व्होल्टने गुणा. पंपाचे झाले 8 × 12 = 96 वॅट-तास.

पॉवर बँकेचा हिशोब करताना बरेच जण फसतात. यूएसबीतून 5 व्होल्ट मिळतात म्हणून 20000 ला 5 ने गुणतात आणि उत्तर येतं 100. पण तो 20000 चा आकडा आतल्या लिथियम सेलचा असतो, आणि त्या सेलचं व्होल्टेज साधारण 3.7 असतं. म्हणून 20000 × 3.7 ÷ 1000 = 74 वॅट-तास. लेबलवर बारीक अक्षरात हाच वॅट-तासांचा आकडा बहुधा छापलेला असतो. तुमचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही, तर व्होल्टेज चुकीचं घेतलंय असं समजा.

त्याच लेबलवर ‘रेटेड कपॅसिटी’ शोधा. समजा तिथे 5 व्होल्टला 12000 एमएएच लिहिलंय. मग बाहेर हाती पडणार 12000 × 5 ÷ 1000 = 60 वॅट-तास. बाकीचे 14 वॅट-तास व्होल्टेज वाढवताना उष्णतेत जातात. आता 5000 एमएएच, 3.85 व्होल्टचा मोबाइल घ्या: 19.25 वॅट-तास. 20000 भागिले 5000 करून चार चार्ज धरले होते, तर ते तीनच निघतील. मोबाइलही चार्ज होताना गरम होतो, त्यामुळे तिसरा पूर्ण होईलच असं नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत हा फरक चांगलाच जाणवतो.

लॅपटॉपवर व्होल्टेज वेगळंच असतं. 11.4 व्होल्ट, 4386 एमएएच म्हणजे 50 वॅट-तास. एमएएच मोबाइलपेक्षा कमी, पण ऊर्जा अडीच पटीहून जास्त.

पंपाची बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिची क्षमता बहुतेकदा 20 तासांत हळूहळू रिकामी करून मोजलेली असते, म्हणजे 8 एएचच्या बॅटरीतून जेमतेम 0.4 अँपिअर. मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून त्या 96 वॅट-तासांतले सगळे फवारणीला मिळत नाहीत. दोन पंपांची तुलना करताना बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम, हे दुकानदाराला आधी विचारा.