चालण्याचा वेग आणि हाताची पकड: ज्येष्ठांचं मोजमाप करताना या चुका टाळा

शरीराचं कार्यात्मक वय जोखायला चालण्याचा वेग आणि मुठीची पकड या दोन साध्या चाचण्या वापरतात. घोळ बहुतेक वेळा मोजण्यात होतो, आणि बिचाऱ्या पायांवर खापर फुटतं.

एक उदाहरण घेऊ. ७२ वर्षांच्या आजी. जमिनीवर चार मीटरची पट्टी आखली, आजी पहिल्या रेघेवर उभ्या राहिल्या, "चला" म्हणताच निघाल्या आणि शेवटच्या रेघेवर थांबल्या. वेळ ५.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.७४ मीटर. ०.८ च्या खालचा वेग धोक्याचा मानतात, म्हणून घरचे घाबरले. मग पट्टीच्या अलीकडे-पलीकडे दीड-दोन मीटर मोकळी जागा ठेवून आजींना सलग चालवलं आणि फक्त मधल्या चार मीटरची वेळ घेतली. ४.५ सेकंद, वेग ०.८९. पाय तेच, फरक सुरुवातीला वेग घेण्याचा आणि रेघ दिसताच पाऊल आखडण्याचा.

दोन्ही पद्धती चालतात. चूक होते ती एकदा ही, सहा महिन्यांनी ती वापरण्यात. सेकंदाला ०.१ मीटरचा बदल अर्थपूर्ण धरला जातो आणि इथे नुसत्या पद्धतीनेच ०.१५ चा फरक पाडला. म्हणून पट्टीची लांबी, सुरुवात आणि पायातली चप्पल दर वेळी तीच ठेवा. काठी लागत असेल तर काठीसकट मोजा, पण तशी नोंद करा.

सूचनाही नेमकी हवी. "जरा भरभर चला" म्हटलं की चाचणीच बदलते. "नेहमी चालता तसं चला" एवढंच सांगा. मोजणाऱ्याने बरोबरीने किंवा पुढे चालू नये, नकळत त्याचाच वेग धरला जातो. अर्धं पाऊल मागे राहावं. तोल गेला तर हात देता येतो.

पकडीचं यंत्र, म्हणजे डायनामोमीटर, हातात देऊन "दाबा" म्हटलं की झालं असं वाटतं. पण मूठ मोठी उघडावी लागली तर आकडा पडतो, म्हणून दांडा हाताच्या मापाला लावा. खुर्चीवर बसवून, खांदा सैल, कोपर काटकोनात, मनगट सरळ. उभं राहून कोपर ताठ ठेवूनही मोजतात, मात्र ते आकडे याच्याशी ताडू नयेत. दोन्ही हातांनी तीन-तीन वेळा, मध्ये थोडी विश्रांती देऊन, आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. आशियाई निकषांत पुरुषांना २८ आणि स्त्रियांना १८ किलोच्या खाली पकड कमी मानतात. युरोपातल्या २०१९ च्या निकषांत हेच आकडे २७ आणि १६ आहेत, त्यामुळे १७ किलोच्या आजी एका यादीत बसतात, दुसरीत नाही.

दाबताना अंगठ्याच्या मुळाशी कळ आली का, हे विचारायला विसरू नका. आली असेल तर तो आकडा सांध्याचा आहे, स्नायूंचा नाही. गुडघेदुखीत वेगाचंही तसंच. अशा वेळी दुखणं उतरल्यावर पुन्हा मोजा. आणि "तुमचं वय प्रत्यक्षात ८० आहे" असं सांगणाऱ्या तक्त्यांपासून दूर राहा, कारण किलो किंवा मीटरचं वर्षांत रूपांतर करणारं सर्वमान्य सूत्र नाही.