रिक्षाच्या भोंग्यावरून तीस सेकंदांची जाहिरात : संहिता कशी लिहावी

गल्लीतल्या दुकानाची जाहिरात अजूनही रिक्षावर भोंगा बांधून होते. तिची संहिता लिहायला बसताना सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करा. ऐकणाऱ्याने नेमकं काय करायचं, कुठे आणि कधीपर्यंत, हे आधी एका वाक्यात पक्कं करा.

उदाहरणाला पिठाची गिरणी घेऊ. दिवाळीच्या तोंडावर तिला चकलीची भाजणी विकायची आहे. ‘अवश्य भेट द्या’ याने काहीच ठरत नाही, कारण भेट कधी द्यायची आणि येऊन काय करायचं ते त्यात नाही. ‘फोन करा, भेट द्या, घरपोच मागवा’ असं तिन्ही सांगितलं तर ऐकणारा एकही लक्षात ठेवत नाही. गिरणीवाल्याची खरी अडचण अशी, की ऐनवेळी गर्दी होते आणि किती धान्य भाजायचं याचा अंदाज येत नाही. म्हणून वाक्य ठरलं : ‘रविवारपर्यंत गिरणीत या आणि किती किलो हवी ते वहीत लिहून जा.’ मोबाईल नंबर मुद्दाम घातलेला नाही. दहा आकडे समजतील असे म्हणायला सहा-सात सेकंद जातात, आणि हातात पिशवी असलेलं माणूस ते लिहून घेत नाही.

आता मोजमाप. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात, ‘देवळासमोरच्या’ एवढा एकच शब्द पाऊण-एक सेकंद खातो. त्यामुळे तीस सेकंदांत ५० ते ५५ शब्द पुरे. सत्तर शब्द कोंबले की वाचणारा पळत सुटतो, आणि भोंग्यावर जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात.

पूर्ण संहिता अशी होईल :

पहिली ५ सेकंदं : ‘दिवाळीची चकली करायचीय, पण भाजणी भाजायला वेळ नाही?’

६ ते १६ : ‘मारुतीच्या देवळासमोरच्या गिरणीत धान्य वेगवेगळं भाजून, धणे-जिरे घालून, ताजी भाजणी दळून मिळेल. किलोला दीडशे रुपये.’

१७ ते २५ : ‘ज्यांनी आधी सांगितलं, त्यांचीच भाजणी दळतो. म्हणून रविवारपर्यंत गिरणीत या आणि किती किलो हवी ते वहीत लिहून जा.’

शेवटची ५ : ‘मारुतीच्या देवळासमोरची गिरणी. रविवारपर्यंत वहीत नाव लिहा.’

दुकानाचं पाटीवरचं नाव इथे नाही, कारण लोक ‘देवळासमोरची गिरणी’ असंच म्हणतात. तुमचं दुकान खरोखर नावाने ओळखलं जात असेल तरच नाव घाला, आणि तेही खुणेसकट. ‘आधी सांगितलं, त्यांचीच’ हे वाक्य घाई करण्याचं कारण देतं, पण ते खरं असायला हवं. सोमवारी आलेल्यालाही भाजणी मिळाली तर पुढच्या वर्षी रविवारची मुदत कोणी मानणार नाही.

किमतीचा उच्चार जपा. भोंग्यावर ‘साठ’ आणि ‘सात’ यांत फरक कळत नाही. ‘दीडशे’, ‘अडीचशे’ असे शब्द मात्र लांबूनही स्पष्ट ऐकू येतात. भाव एकशे साठ असेल तर तो दोनदा म्हणा, किंवा किंमत वगळा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रिक्षाच्या वेगामुळे. भोंगा रिक्षाच्या पुढे-मागे चाळीस-चाळीस मीटर नीट समजतो असं धरा. ताशी १० किलोमीटर वेगाने रिक्षा सेकंदाला जेमतेम तीन मीटर सरकते, म्हणजे ते ८० मीटर पार करायला तीस सेकंद लागतात आणि दारात उभ्या माणसाला एक फेरी पूर्ण मिळते. वेग २० झाला की पंधराच सेकंद मिळतात. रिक्षा हळू गेली तरीही ऐकणं जाहिरातीत कुठूनही सुरू होऊ शकतं, म्हणूनच खूण आणि मुदत दोन्ही दोन-दोनदा घातली आहेत. चालकाला हळू जायला आणि चौकात मिनिटभर थांबायला आधीच सांगून ठेवा.

ध्वनिमुद्रण मोबाईलवर केलं तरी चालतं. खिडक्या बंद करा, स्टॉपवॉच लावा आणि २७ ते २८ सेकंदांत संपवा. उरलेली दोन सेकंदं शांतता राहू द्या, नाहीतर शेवटचं वाक्य पुढच्या फेरीच्या पहिल्या वाक्याला चिकटतं. बोलण्याखाली गाणं वाजवू नका, भोंग्यात शब्द त्याखाली बुडतात. मग भोंगा रस्त्यावर लावून, जाहिरात आधी न ऐकलेल्या कोणाला तरी तीस पावलांवर उभं करा आणि विचारा, ‘काय करायचंय, कुठे, कधीपर्यंत?’ तीनपैकी एक जरी उत्तर चुकलं, तर तेवढं वाक्य सोपं करून पुन्हा बोला.

ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. रिक्षा निघण्याआधी गल्ल्यावर वही आणि पेन ठेवा, आणि तिथे बसणाऱ्या मुलालाही संहिता ऐकवा. वहीत नावापुढे ‘कुठून कळलं’ असा एक रकाना ठेवला, की रिक्षाचं भाडं वसूल झालं का ते रविवारी रात्री मोजता येतं.