नाशिकला डबा लावताय? चवीआधी खाड्याचं विचारा

शिरपूरहून मी २००९ साली अंबडच्या एका कंपनीत लागलो आणि लग्न होईपर्यंतची सात वर्षं डब्यावर काढली. तेवढ्यात चार डबे बदलले. आता दरवर्षी जून-जुलैत आपल्याकडची मुलं-मुली नोकरीला येतात, खोली मिळाली की लगेच विचारतात, "दादा, डबा कोणाचा चांगला?" त्यांना चवीबद्दल ऐकायचं असतं. मी आधी विचारायला लावतो, की खाडा कसा धरतात.

माझा भाचा गेल्या वर्षी पाथर्डी फाट्याला राहायला आला. त्याने दोन डबे पाहिले. पहिल्या काकूंचा दर डब्याला ६० रुपये, दोन वेळचा डबा, रविवारी संध्याकाळी सुट्टी. तीस दिवसांच्या महिन्यात चार रविवार धरले तर ५६ डबे होतात, म्हणजे ३,३६० रुपये, आगाऊ. दुसऱ्या काकू डब्याला ६५ घेत होत्या, त्यांचे ३,६४० झाले असते. भाच्याने अर्थातच पहिला डबा लावला.

तो महिन्यातून दोनदा गावी जातो. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीतून सुटला की थेट द्वारकेवरून बस पकडतो, सोमवारी सकाळी परत येऊन तसाच कामावर. शुक्रवार रात्रीचा एक डबा, शनिवारचे दोन, रविवार दुपारचा एक आणि सोमवार दुपारचा एक, कारण सोमवारी आईने बांधून दिलेलं असतंच. एका फेरीचे पाच डबे, महिन्याला दहा. पहिल्या महिन्याच्या शेवटी हिशेबाला गेला तेव्हा काकू म्हणाल्या, "सलग तीन दिवस पूर्ण बंद असेल तरच खाडा धरतो." त्याचा पूर्ण बंद दिवस एकच, शनिवार. रविवारी संध्याकाळी तर त्यांचीच सुट्टी. दहाच्या दहा डब्यांचे पैसे गेले. खाल्ले ४६ डबे, दिले ३,३६०. म्हणजे डबा त्याला ७३ रुपयांना पडला. दुसऱ्या काकू एकेका डब्याचा खाडा धरतात. तिथे ४६ डब्यांचे २,९९० झाले असते. महागडा वाटलेला डबा ३७० रुपयांनी स्वस्त पडला असता.

काकूंची बाजूही समजून घ्यायला हवी. दुपारच्या डब्याची मटकी आदल्या दिवशीच भिजत पडलेली असते, भाजी सकाळी लवकर येते, पोळ्या लाटणाऱ्या ताईंचा पगार आणि डबे पोहोचवणाऱ्या दादांचे पैसे महिन्याचे ठरलेले असतात. तुमचा एक डबा कमी झाला म्हणून यातलं फारसं काही वाचत नाही, आणि उशिरा कळवलं तर काहीच वाचत नाही. म्हणून दुपारच्या डब्याचं आदल्या रात्री आठपर्यंत आणि रात्रीच्या डब्याचं दुपारी बारापर्यंत कळवा असं कोणी सांगितलं तर मला ते रास्त वाटतं. सलग तीन दिवसांची अट मात्र पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसावर अन्याय करते, कारण आपल्या सुट्ट्या अशा तुकड्या-तुकड्यांनीच येतात.

ठरवताना एवढंही विचारून घ्या, की खाड्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात की तारीख उलटली की बुडतात. खोली सोडून जाताना शिल्लक परत मिळते का? कळवायचं ते फोनवर बोलून नव्हे, व्हॉट्सॲपवर, तारीख आणि वेळ लिहून: "शुक्र. रात्र ते सोम. दुपार, ५ डबे बंद." त्यांचं "हो" आल्याशिवाय कळवलं असं समजू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या चौकटीत फुली मारून ठेवा. महिनाअखेरीला भांडण होत नाही.

आता चव. चाचणीसाठी आलेला डबा जीव लावून केलेला असतो, त्यावरून ठरवू नका. सहा महिने तोच डबा खाणारा कोणीतरी शेजारच्या खोलीत असतोच, त्याच्याबरोबर एका गुरुवारी जेवायला बसा. आठवड्याचा तक्ता पाहून वेगवेगळ्या सात भाज्या दिसतात, पण सकाळी एकच वाटण करून ते वांग्यालाही आणि फ्लॉवरलाही घातलं असेल तर दोन्ही सारख्याच लागतात. मी एक खूण धरली आहे: गिलकी, दोडका, डांगर अशा साध्या भाज्या त्या घरी कशा होतात ते पाहायचं. शेवभाजी कोणाचीही चालून जाते. बटाटा आठवड्यातून तीनदा आला तर विचारा, फक्त भर पावसात थोडं सांभाळून घ्या, तेव्हा पालेभाज्या महागही असतात आणि चिखलातून आलेल्याही.

"चार पोळ्या" हा आकडा फसवा आहे. आमच्या खोलीतल्या एकाने वजनकाटा आणला होता, त्यावर एका घरच्या चार पोळ्या १६० ग्रॅम भरल्या आणि दुसऱ्या घरच्या ११०. भाजीचंही तसंच. वाटी काठोकाठ दिसते, पण रस्सा बाजूला काढला की फोडी किती उरतात ते बघा. भूक जास्त असेल तर जादा पोळीचा दर आधीच ठरवा.

स्वच्छतेसाठी एक दिवस रिकामा डबा द्यायला स्वतः जा, सकाळी अकराच्या सुमाराला, गडबड चालू असताना. स्वयंपाकघर चकाचक असावं असं नाही, पण पोळ्या कशावर पसरल्यात, पिण्याचं पाणी कुठून घेतात, आलेले खरकटे डबे ओट्याजवळच पडलेत का, हे दिसतं. आणि तुमच्याच डब्याच्या झाकणातली रबरी रिंग नखाने बाहेर काढा. खाली पिवळा चिकट थर निघाला, आंबूस वास आला, तर डबा वरवर धुतला जातो. मी एकदा या रिंगकडे दुर्लक्ष केलं आणि एप्रिलच्या उन्हात दोन दिवस पोट धरून पडून होतो. घरगुती डब्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, तो चौदा अंकी क्रमांक मागायला संकोच करू नका.

वेळेबद्दल मुलं फक्त उशिराची तक्रार करतात. लवकर येणारा डबा जास्त वाईट. गेटवर साडेदहाला ठेवलेला डबा नऊच्या आधी भरलेला असतो, गरम भात झाकणाखाली घाम धरतो आणि एक वाजता तुम्ही उघडता तेव्हा वरणाला बुडबुडे आलेले असतात. असं वरण तोंडात घालू नका. डबा आणणाऱ्या दादांना सरळ विचारा, "सगळे मिळून किती डबे, त्यात माझा कितवा?" चाळीसात तिसरा असाल तर डबा लवकर येणार, अडतिसावा असाल तर पावसात उशीर ठरलेला. सिक्युरिटी केबिनमध्ये डबे उन्हात ठेवतात की सावलीत, तेही एकदा पाहून या.

आणि त्यांच्या खाड्याचंही विचारा. दिवाळीत पाच-सहा दिवस, मे महिन्यात लग्नकार्याला दोन-तीन दिवस काकूही बाहेर जातातच, जायलाच हव्यात. त्या दिवसांचे डबे तुमच्या हिशेबातून आपोआप वजा होतात का, आणि किती दिवस आधी सांगतात? माझ्या शेवटच्या काकू आठ दिवस आधी डब्याच्या झाकणाला चिठ्ठी चिकटवायच्या, खाली वजा केलेली रक्कम लिहिलेली असायची. त्यांच्याकडे मी तीन वर्षं जेवलो.