एका अक्षराचं अरबी क्रियापद

अरबीतल्या 'व-क़-य' (वाचवणे) या धातूत पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही अक्षरं दुर्बल आहेत, म्हणजे रूपं करताना ती गळतात किंवा बदलतात. रूप पाठ करू नका, दोन ओळखीचे नियम लावा. सुरुवात 'वसल–यसिलु' (पोहोचला–पोहोचतो) या भूत–वर्तमान जोडीसारखी, म्हणून वर्तमानकाळात 'व' गळतो, शेवट 'रमा–यर्मी'सारखा. मिळून 'वक़ा–यक़ी'. आज्ञार्थात 'य' उपसर्ग काढा, शेवटची 'ई' ऱ्हस्व करा: उरतं फक्त 'क़ि', वाचव! कुराणातलं 'वक़िना' बघा. धातू 'व-क़-न' समजून कोशात शोधलं तर चुकाल. इथला 'व' म्हणजे 'आणि', 'ना' म्हणजे 'आम्हाला'. मात्र 'रवा–यर्वी'त (सांगणे) दुर्बल अक्षरं शेजारी आहेत; तिथे मधला 'व' टिकतो, फक्त शेवट बदलतो.