या चुका टाळा: वेळापत्रकातल्या लिंक, लीड आणि लॅग

वेळापत्रक बिघडलं की आपण आधी कामांचे दिवस तपासतो. चूक मात्र बऱ्याचदा दोन कामांमधल्या लिंकमध्ये असते, आणि ती सहज डोळ्यांत भरत नाही, कारण बारचार्टवर सगळं व्यवस्थितच दिसतं.

लिंक चार प्रकारच्या. FS म्हणजे आधीचं काम संपलं की पुढचं सुरू. SS म्हणजे आधीचं सुरू झालं की पुढचं सुरू करता येतं. FF म्हणजे आधीचं संपल्याशिवाय पुढचं संपणार नाही. SF क्वचितच लागते: नवा सर्व्हर सुरू झाल्यावरच जुना बंद करायचा, तेव्हा. फाइलमध्ये SF दिसली, तर ती चुकून पडलेली नाही ना, हे आधी बघा. लिंकवर थांबायचे दिवस टाकले की तो लॅग, आणि वजा करून पुढचं काम अलीकडे ओढलं की ती लीड.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लॅगचे दिवस मोजण्यात. स्लॅबचं उदाहरण घ्या. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस काढू नयेत, असं IS 456:2000 सांगतं. हे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी, आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल तर. गाळा याहून मोठा असेल तर १४ दिवस. आता गुरुवारी संध्याकाळी काँक्रीट संपलं आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तुम्ही सेंट्रिंग खोलण्याच्या कामाला असं लिहिलंत:

```
12FS+7d
```

यात `12` हा काँक्रीटच्या कामाचा ओळ क्रमांक, आणि `7d` हे कामाचे दिवस आहेत. रविवारी सुट्टी असलेल्या कॅलेंडरवर खोलणं पुढच्या शनिवारी येईल, पाच दिवसांच्या आठवड्यात थेट त्यानंतरच्या मंगळवारी. मध्ये दिवाळी आली तर आणखी पुढे. पण काँक्रीटला सुट्टी नसते, ते रविवारीही पक्कं होत असतं. म्हणून इथे `12FS+7ed` हवं, त्यातला `e` सलग दिवस मोजतो. मग खोलणं शुक्रवारी सकाळी येतं. एका स्लॅबमागे एवढे दिवस म्हणजे काही नाही असं वाटतं, पण दहा मजल्यांच्या इमारतीत तेच सेंट्रिंग वर न्यायचं असेल तर प्रत्येक मजल्यावर ही भर पडत जाते.

सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक उलट्या बाजूने होते. क्लायंटला रिव्ह्यूसाठी कामाचे पाच दिवस दिलेत आणि लॅग `5ed` टाकलात, तर गुरुवारी संध्याकाळी पाठवलेल्या डिझाइनवरचं पुढचं काम बुधवारीच सुरू झालेलं दिसेल. क्लायंटची मुदत तर गुरुवारपर्यंत आहे. माझं मत विचाराल तर रिव्ह्यू लॅगमध्ये ठेवूच नका. लॅगला मालक नसतो, त्यामुळे उशीर कोणाकडे झाला हे कळत नाही. त्याची वेगळी ओळ करा आणि तिच्यापुढे क्लायंटच्या माणसाचं नाव टाका.

दुसरी चूक म्हणजे नुसती SS. एपीआय लिहायला १० दिवस, टेस्टिंगला ८ दिवस, लिंक `SS+4d`. टेस्टिंग पाचव्या दिवशी सुरू होऊन बाराव्या दिवशी संपतं. आता एपीआयला १५ दिवस लागले तरी फाइलमध्ये टेस्टिंग बाराव्याच दिवशी संपलेलं दिसतं, म्हणजे न लिहिलेला कोडही तपासून झाला! नंतरचं काम आधीच्या कामाअगोदर संपताना दिसलं की ही चूक ओळखा. इथे सोबत `FF+2d` हवी: शेवटचा एपीआय आल्यावर निदान दोन दिवस तपासणी. तेव्हा टेस्टिंग सतराव्या दिवशी संपेल. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट त्याच दोन कामांत दुसरी लिंक घेत नाही. म्हणून ‘एपीआय पूर्ण’ असा शून्य दिवसांचा माइलस्टोन एपीआयच्या कामाला FS ने जोडा आणि त्यावरून टेस्टिंगला `FF+2d` द्या. प्रायमाव्हेरात दोन्ही लिंक थेट देता येतात.

लीडबद्दल मी जास्त कडक आहे. पायाची खोदाई १२ दिवस आणि पीसीसीला, म्हणजे खड्ड्याच्या तळातल्या साध्या काँक्रीटला, `FS-3d`, म्हणजे खोदाई संपायच्या तीन दिवस आधी सुरू. पण खोदाई कधी संपेल हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. अकराव्या दिवशी कातळ लागला की शेवट पुढे जातो. पीसीसी तर दहाव्या दिवशीच सुरू झालेलं असतं आणि लिंक खोटी ठरते. खरी अट वेगळीच होती: पहिल्या ओळीतले खड्डे खोदून तपासून झाले पाहिजेत. मग खोदाईचे दोन भाग करा, पहिल्या भागाला पीसीसी साध्या FS ने जोडा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डीसीएमएच्या १४ कलमी तपासणीत लीड एकही चालत नाही, आणि लॅग असलेल्या लिंक ५ टक्क्यांपर्यंतच चालतात.

फाइल हातात आली की Predecessors रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. जिथे वजा चिन्ह दिसेल तिथे काम फोडता येतं का बघा. जिथे अधिक दिसेल तिथे साइटवर किंवा टीममध्ये विचारा की हे दिवस नक्की कशासाठी थांबायचे. उत्तर मिळालं नाही, तर तो लॅग तारीख जुळवण्यासाठी टाकलेला आहे, काढून टाका.